दर रविवारच्या विज्ञान चॅनलसाठी इंट्रो, आउट्रो आणि नावाची पट्टी: एका टेम्प्लेटची पूर्ण केस

चॅनल दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आहे. विषय विज्ञान आणि तंत्रज्ञान, पुस्तक राज्य मंडळाचं, दर रविवारी सकाळी एक व्हिडिओ, साधारण 12 ते 15 मिनिटांचा. शिकवणारे एक सर आणि एक मॅडम, मधूनमधून कुणीतरी पाहुणे येतात, कधी कॉलेजचे प्राध्यापक तर कधी कारखान्यात काम करणारे इंजिनिअर. एडिटिंग एक मुलगा करतो, कॉलेज सांभाळून, म्हणजे खरं काम शनिवारी रात्रीच होतं. मला त्यांनी बोलावलं ते "जरा चांगला इंट्रो करून द्या" म्हणून, पण दोन-तीन जुने प्रोजेक्ट उघडून पाहिले तेव्हा लक्षात आलं की इंट्रो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे, खरा घोळ नावाच्या पट्टीत आहे.

पद्धत अशी होती की मागच्या रविवारचा प्रोजेक्ट सेव्ह ॲज करायचा, आतला व्हिडिओ काढायचा, नवीन टाकायचा आणि नावं खोडून नवीन नावं लिहायची. हे बऱ्याच चॅनलवर असंच चालतं आणि पहिले काही आठवडे व्यवस्थित चालतं सुद्धा. पण पट्टीचा बॉक्स हाताने काढलेला, मजकूर वेगळा, हुद्दा वेगळा, ॲनिमेशनच्या की-फ्रेम तिन्हीवर वेगवेगळ्या, त्यामुळे नाव लांब झालं की बॉक्स ओढा, बॉक्स ओढला की की-फ्रेम हलतात, मग पट्टी एका बाजूने उशिरा बंद होते. आणि एका व्हिडिओत तर नाव नवीन पाहुण्यांचं आणि खाली हुद्दा आधीच्या पाहुण्यांचा, तसाच अपलोड झाला. ज्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन मुलांना शिकवलं त्यांचा हुद्दा चुकीचा जाणं मला फार लागतं. शिवाय ते पाहुणे तो व्हिडिओ आपल्या घरच्यांना पाठवणार असतात.

अजून एक गोष्ट, फॉन्ट. जुने प्रोजेक्ट युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधे होते, डीटीपीत चालायचे तसे. पाहुणे आपलं नाव व्हॉट्सॲपवर युनिकोडमधे पाठवतात, ते कॉपी करून इथे पेस्ट केलं की भलतीच अक्षरं येतात, मग एडिटर बघून बघून परत टाइप करतो आणि तिथेच ऱ्हस्व-दीर्घ हलतं. म्हणून पहिला निर्णय हा झाला की सगळं युनिकोडमधे आणि नाव कधीही हाताने टाइप करायचं नाही, फक्त पेस्ट करायचं. फॉन्ट मुक्ता घेतला, मुंबईच्या एक टाइपचा, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, लायसन्स खुलं आहे आणि वजनं भरपूर आहेत. व्हिडिओवर साधं वजन बारीक पडतं, सेमीबोल्ड बरोबर बसतं.

सॉफ्टवेअर त्यांच्याकडे आधीपासून होतं तेच ठेवलं: ॲनिमेशन आफ्टर इफेक्ट्समधे बनवायचं, तिथून मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट म्हणजे `.mogrt` फाइल काढायची, आणि शनिवारी रात्री एडिटरने फक्त प्रीमियर उघडायचं. टेम्प्लेटचा सगळा फायदा इथेच आहे की एडिटरला की-फ्रेम दिसतच नाहीत, त्याला दोन-तीन रिकाम्या चौकटी दिसतात, त्यात मजकूर टाकायचा आणि पुढे जायचं.

काय उघडं ठेवायचं, काय बंद

हे ठरवायला आम्ही चौघं बसलो, आणि सगळ्यात जास्त चर्चा इथेच झाली. एडिटरला वाटत होतं रंग बदलता यायला हवा, धडा बदलला की रंग बदलू. मॅडमना वाटत होतं फॉन्टचा आकार बदलता यावा कारण काही नावं लांब असतात. मी म्हटलं, मॅडम, आकार बदलायची सोय दिली की प्रत्येक आठवड्यात आकार बदलणारच, आणि मग सहा महिन्यांनी सगळे व्हिडिओ शेजारी ठेवले तर एका चॅनलचे वाटणारच नाहीत. लांब नावाची अडचण खरी आहे पण ती पट्टीने स्वतः सोडवायला हवी, माणसाने नाही.

शेवटी उघडं काय राहिलं तर: इंट्रोमधे भाग क्रमांक आणि विषय, पट्टीत नाव आणि हुद्दा, आउट्रोमधे पुढच्या रविवारचा विषय. बस. रंग, आकार, जागा, वेग, सगळं बंद.

नावाची पट्टी

यालाच लोअर थर्ड म्हणतात, न्यूज चॅनलच्या डेस्कवर ॲस्टन म्हणतात. इंग्रजीसाठी बनवलेली शेकडो टेम्प्लेट्स फुकट मिळतात पण मराठी टाकली की ती तीन ठिकाणी फाटतात, आणि ही तीन ठिकाणं माहीत असली तर अर्धं काम झालं.

पहिलं म्हणजे टेक्स्ट इंजिन. आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमियर दोन्हीच्या प्रेफरन्सेसमधे टेक्स्ट इंजिन निवडायचं असतं आणि तिथे `South Asian and Middle Eastern` हा पर्याय असेल तर तोच घ्यायचा. तो नसेल लावलेला तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, रफार सुटतो, जोडाक्षर पाय मोडून उभं राहतं. आणि हे सेटिंग नुसतं बदलून जुन्या लेअर सुधारतील या भरवशावर राहायचं नाही, सेटिंग बदला, सॉफ्टवेअर बंद करून उघडा आणि मजकुराची लेअर नव्याने बनवा. तपासायला मी काही ठरलेले शब्द ठेवलेत: "ज्ञानेश्वरी", "हर्षवर्धन", "श्रुती", "कुऱ्हाडे". चौथा सगळ्यात कामाचा, कारण त्यातला ऱ्ह नीट आला तर बाकी बहुतेक सगळं नीट येतं, आणि एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट भलताच लागला असेल तर तोही इथेच पकडला जातो.

दुसरं म्हणजे एकेक अक्षर येणारं ॲनिमेशन. इंग्रजीत टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटताना छान दिसतं. मराठीत तेच लावलं की काना आधी, मात्रा नंतर, जोडाक्षराचे तुकडे वेगळे उडत येतात, आणि अर्धा सेकंद का होईना पण माणसाचं नाव चुकीचं दिसतं. म्हणून आमच्या पट्टीत अक्षरं हलतच नाहीत. पट्टी डावीकडून उघडते, आणि मजकूर पट्टीच्याच आकाराच्या मॅटमधून दिसत जातो, म्हणजे पूर्ण ओळ जागेवर स्थिर आहे आणि फक्त तिच्यावरचा पडदा सरकतो. दिसायला शांत आहे, शिकवण्याच्या व्हिडिओला तेच हवं.

तिसरं म्हणजे उंची. पट्टी मजकुराप्रमाणे लहान-मोठी व्हावी यासाठी आफ्टर इफेक्ट्समधे `sourceRectAtTime` वापरतात, ते मजकुराची खरी रुंदी-उंची सांगतं. इंग्रजी टेम्प्लेट्समधे रुंदी आणि उंची दोन्ही तिथून घेतलेली असते. आपल्याकडे "रमा" लिहिलं तर उंची एक, "मूर्ती" लिहिलं तर वर रफार-वेलांटी आणि खाली ऊकार, म्हणजे उंची दुसरीच. मग एका व्हिडिओत सरांची पट्टी बुटकी आणि मॅडमची उंच असं होतं. उपाय सोपा: रुंदी मजकुरातून घ्यायची, उंची कायमची ठोकून द्यायची. रेक्टँगलच्या साइझवर हे एक्स्प्रेशन आहे:

```
var n = thisComp.layer("naav").sourceRectAtTime(time, false).width;
var h = thisComp.layer("hudda").sourceRectAtTime(time, false).width;
[Math.min(Math.max(n, h), 1100) + 96, 160]
```

म्हणजे नाव आणि हुद्दा यात जे लांब असेल ते घ्या, 1100 पिक्सेलच्या वर जाऊ नका, दोन्ही बाजूला 48-48 ची मोकळी जागा द्या, आणि उंची 160 म्हणजे 160. रेक्टँगल मधोमधून दोन्हीकडे वाढतो, आपल्याला तो डावी कड धरून उजवीकडे वाढायला हवा, म्हणून त्याच्या पोझिशनवर अजून एक ओळ लागते:

```
[content("Rectangle 1").content("Rectangle Path 1").size[0] / 2, 0]
```

नाव 56 पिक्सेल आणि हुद्दा 36, दोन्ही वेगळ्या लेअरवर, दोन बेसलाइनमधे 62 चं अंतर. एकाच लेअरवर दोन ओळी ठेवल्या तर वरच्या ओळीतला ऊकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांना चिकटतात, वेगळ्या लेअरवर ते अंतर आपल्या हातात राहतं.

आता 1100 च्या वर गेलं तर काय? तेव्हा मजकुराने स्वतः बारीक व्हायचं, दोन्ही टेक्स्ट लेअरच्या स्केलवर हे:

```
var w = sourceRectAtTime(time, false).width;
var s = w > 1100 ? 1100 / w * 100 : 100;
[s, s]
```

`sourceRectAtTime` लेअरच्या स्केलकडे बघत नाही, मूळ रुंदीच सांगतं, त्यामुळे वरच्या एक्स्प्रेशनशी याचं भांडण होत नाही. मजकूर मात्र डावीकडे अलाइन केलेला पाहिजे नाहीतर तो बारीक होताना मधोमध सरकतो आणि डावीकडची जागा वाढलेली दिसते.

एका पाहुण्यांचा हुद्दा आला तो पद, विभाग, कॉलेज, गाव, जिल्हा असा सगळा मिळून, त्याची रुंदी 1380 पिक्सेल भरली. 1100 ला 1380 ने भागलं की स्केल 80 टक्क्यांच्या थोडं खाली, म्हणजे 36 चा मजकूर 29 पिक्सेलचा झाला. कॉम्प्युटरवर वाचता येतो, पण आपली मुलं हा व्हिडिओ आई-वडिलांच्या फोनवर बघतात, तिथे तो बारीक मुंग्यांसारखा दिसतो. म्हणून नियम असा केला की 85 टक्क्यांच्या खाली जात असेल तर टेम्प्लेटला दोष द्यायचा नाही, मजकूर कमी करायचा. त्या पाहुण्यांना फोन करून विचारलं, सर, विषय आणि कॉलेजचं नाव एवढं ठेवलं तर चालेल का, ते लगेच हो म्हणाले. विचारायचं मात्र नक्की, परस्पर कापायचं नाही.

पट्टीची जागा पण सांगतो. डावीकडून 96 पिक्सेल, हे 1920 च्या 5 टक्के, टीव्हीच्या ग्राफिक्स सेफ एरियाचा हिशोब. खालून मात्र 5 टक्के म्हणजे 54 पिक्सेल धरले तर पट्टी यूट्यूबच्या सबटायटलखाली जाते, आणि व्हिडिओ थांबवला की प्रोग्रेस बार पण तिथेच येतो. म्हणून खालची कड 200 पिक्सेल वर घेतली. सरांना वाटलं पट्टी जरा जास्तच वर आली, मग फोनवर सबटायटल चालू करून दोन्ही लावून दाखवलं, तिथे विषय मिटला. पट्टीचा रंग गडद निळा, जवळपास अपारदर्शक, कारण मागे कधी हिरवा फळा असतो, कधी पांढरा बोर्ड आणि कधी मॅडमची साडी. या तिन्हीवर चालेल असा नुसता मजकुराचा रंग नाही, बॉक्स लागतोच.

पट्टी किती वेळ दिसावी हे दर वेळी वेगळं असतं. एकट्या सरांची 5 सेकंद पुरते, पाहुण्यांची 7 लागते. प्रीमियरमधे क्लिप ओढून लांब केली आणि त्याबरोबर उघडण्याचं ॲनिमेशनही संथ झालं तर सगळं बिघडतं. त्यासाठी आफ्टर इफेक्ट्समधे कंपोझिशन मेनूत `Responsive Design - Time` आहे, तिथून सुरुवातीच्या 15 फ्रेम आणि शेवटच्या 10 फ्रेम सुरक्षित करून टाकल्या, आता क्लिप कितीही ओढा, ताण मधल्या स्थिर भागालाच बसतो. हे एक सेटिंग नसेल तर बाकी कितीही सुंदर बनवा, एडिटर दोन आठवड्यात परत कॉपी-पेस्टवर जाणार.

इंट्रो

इंट्रो 4 सेकंदांचा, 25 फ्रेमच्या हिशोबाने 100 फ्रेम. कॅमेरा पण 25 वरच आहे कारण आपली वीज 50 हर्ट्झची, शटर 1/50 ठेवलं की ट्यूबलाइट लुकलुकत नाही, आणि टेम्प्लेट, कॅमेरा, टाइमलाइन तिन्ही एकाच आकड्यावर असले की ॲनिमेशन अडखळत नाही.

आधी इंट्रो व्हिडिओच्या अगदी सुरुवातीला यायचा आणि चांगला लांब होता. आता सर आधी प्रश्न विचारतात, पाण्यात ठेवलेली पेन्सिल वाकडी का दिसते, 15-20 सेकंद, मग इंट्रो, मग धडा. मुलगा प्रश्नासाठी थांबतो, लोगोसाठी कशाला थांबेल.

विषयाच्या ओळीसाठी सगळ्यात अवघड नाव पुस्तकातूनच घेतलं, "मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण". लांब पण आहे आणि रफारावर वेलांटी पण आहे. दुसऱ्या टोकाला "उष्णता", तीन अक्षरं. टेम्प्लेट या दोन्ही नावांवर नीट दिसलं की बाकीचे धडे आपोआप मधे बसतात, सगळे धडे टाकून बघायची गरज पडली नाही.

आवाजाबद्दल मात्र थोडं सविस्तर. यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे 14 एलयूएफएसपर्यंत खाली आणतं म्हणून लोक निवांत असतात, पण ते पूर्ण व्हिडिओचा आवाज एकत्र खाली करतं, आतल्या आत म्युझिक मोठं आणि सरांचा आवाज लहान असेल तर तो फरक तसाच राहतो. इअरफोन लावून अभ्यास करणाऱ्या मुलाला दर रविवारी तो दणका बसतो. म्हणून इंट्रोचं म्युझिक सरांच्या बोलण्याच्या पातळीला लाउडनेस मीटरवर बघून जुळवलं आणि त्याच पातळीची ऑडिओ फाइल कायमची ठेवली. म्युझिक यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं, ट्रॅकचं नाव आणि लायसन्सचा स्क्रीनशॉट टेम्प्लेटच्याच फोल्डरमधे, कारण ते म्युझिक आता प्रत्येक व्हिडिओत असणार आणि क्लेम आला तर सगळ्यांवर येणार.

आउट्रो

यूट्यूबची एंड स्क्रीन शेवटच्या 5 ते 20 सेकंदांतच लागते आणि त्यात चारपर्यंत घटक ठेवता येतात. आम्ही 15 सेकंद घेतली आणि दोनच घटक ठेवले, पुढचा व्हिडिओ आणि सबस्क्राइबचं वर्तुळ.

जुना आउट्रो म्हणजे "धन्यवाद" लिहिलेलं कार्ड, ते दिसलं की व्हिडिओ संपला हे कळतं आणि माणूस निघतो. नवीन टेम्प्लेटमधे पार्श्वभूमीला डाव्या बाजूला एक आरपार खिडकी आहे, तिच्या मागे सरांचा व्हिडिओ लहान करून चालू राहतो आणि ते घरी सोडवायचा प्रश्न सांगतात, उजवीकडे पुढच्या व्हिडिओची जागा. खिडकी आरपार राहायला हवी म्हणून ही पार्श्वभूमी `.mogrt` म्हणूनच ठेवली. तुम्हाला व्हिडिओ फाइल काढायची असेल तर ProRes 4444 मधे काढा, साध्या H.264 मधे पारदर्शकता जाते आणि खिडकीच्या जागी काळा चौकोन येतो.

उजवीकडच्या जागेभोवती मात्र नेमकी चौकट काढायची नाही. एंड स्क्रीनचा घटक आपण यूट्यूबवर हाताने ठेवतो, तो दोन-चार पिक्सेल इकडे तिकडे झाला की चौकट आणि व्हिडिओ यांच्यात फट दिसते. आम्ही फक्त त्या भागात गडद सपाट रंग ठेवला, घटक थोडा हलला तरी कळत नाही. मागच्या व्हिडिओची एंड स्क्रीन नवीन व्हिडिओत आणायची सोय यूट्यूब स्टुडिओत आहे, म्हणून जागा एकदाच ठरवावी लागली. लहान मुलांसाठी, समजा पहिली-दुसरीसाठी, चॅनल करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, व्हिडिओ "मेड फॉर किड्स" म्हणून लावला की एंड स्क्रीन मिळतच नाही, मग ही उजवीकडची रिकामी जागा उगाच भकास दिसेल, त्यांनी आउट्रो 5-6 सेकंदांचा साधा करावा.

शनिवारी रात्रीचं काम

आता शुक्रवारपर्यंत मॅडम एका गूगल शीटमधे भाग क्रमांक, विषय, नाव, हुद्दा आणि पुढचा विषय भरतात. नाव पाहुण्यांनी स्वतः जसं लिहून पाठवलं तसंच, श्री. आणि सौ. कुणालाच नाही, डॉ. असेल तर डॉ. (यावर सरांचं मत वेगळं होतं, त्यांना पाहुण्यांना श्री. लावायचं होतं, पण एकाला लावलं आणि एकाचं राहिलं तर ते जास्त वाईट दिसतं हे त्यांना पटलं.) एडिटर शीटमधून पेस्ट करतो, आणि अपलोडच्या आधी पट्टीचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो. ते शीटशी ताडून बघायचं काम एडिटरचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी, कारण ज्याने पेस्ट केलं त्याला त्याच रात्री चूक दिसत नाही.

फाइलच्या नावात आवृत्ती असते, `naav_v03.mogrt` अशी, आणि जुनी आवृत्ती पुसायची नाही. टेम्प्लेट सुधारलं म्हणून आधीच्या टाइमलाइनवर ठेवलेल्या पट्ट्या आपोआप बदलत नाहीत, अर्धवट झालेल्या व्हिडिओत नवीन आवृत्ती हवी तर जुनी पट्टी मुद्दाम बदलून घ्यावी लागते आणि मजकूर परत तपासावा लागतो. त्यामुळे बदल नेहमी रविवारच्या अपलोडनंतर करायचा, शनिवारी टेम्प्लेटला कुणी हात लावायचा नाही.

शॉर्ट्ससाठी हीच पट्टी चालत नाही, हे आधीच सांगून ठेवलंय. 1080 बाय 1920 च्या उभ्या स्क्रीनवर 1196 ची पट्टी मावणारच नाही, शिवाय खाली चॅनलचं नाव आणि उजवीकडे लाइकची बटणं असतात, म्हणजे पट्टी वरच्या अर्ध्या भागात न्यावी लागेल आणि रुंदीची मर्यादा 700 च्या आसपास. हुद्दा बहुतेक दोन ओळींत जाईल, आणि मग उंची कायम ठेवायचा नियम तिथे बदलावा लागेल, दोन ठरलेल्या उंची आणि त्यातली एक निवडायची, असं काहीतरी. दिवाळीच्या सुट्टीत ते करायला घेणार आहोत.